वाक्याच्या पोटातलं वाक्य

‘आजोबांनी लावलेल्या झाडावरून काकांनी उतरवलेले आंबे मुलाने खाल्ले.’ हे वाक्य कुठेही न अडखळता वाचून होतं. आता तेच शब्द जरा हलवून पाहू : ‘मुलाने काकांनी आजोबांनी लावलेल्या झाडावरून उतरवलेले आंबे खाल्ले.’ इथे बहुतेकजण मध्येच थबकतात आणि पुन्हा मागे जातात. एकही शब्द वाढलेला नाही, अर्थ बदललेला नाही आणि व्याकरणाचा एकही नियम मोडलेला नाही. मग अडलं काय?

पहिल्या वाक्यात किती वाक्यं आहेत ते आधी मोजू. आजोबांनी झाड लावलं, काकांनी आंबे उतरवले, मुलाने आंबे खाल्ले. घटना तीन, कर्ते तीन आणि क्रियापदंही तीन. शाळेतल्या व्याकरणाप्रमाणे मात्र हे ‘केवल वाक्य’ ठरतं, कारण पूर्ण क्रियापद एकच आहे, ‘खाल्ले’. बाकीची दोन क्रियापदं ‘-लेला’ हा प्रत्यय घेऊन विशेषणं झाली आहेत. ती विशेषणासारखी वागतात याचा पुरावा त्यांच्या रूपातच आहे. ‘चांगलं झाड’ म्हणतो तसं ‘लावलेलं झाड’ म्हणतो आणि ‘चांगल्या झाडावरून’ म्हणतो तसं ‘लावलेल्या झाडावरून’. तरी हे विशेषण साधं नाही. त्याला स्वतःचा कर्ता आहे, ‘आजोबांनी’. हवा असेल तर काळ आणि ठिकाणही जोडता येतं : ‘आजोबांनी पन्नास वर्षांपूर्वी विहिरीपाशी लावलेलं झाड’. म्हणजे एक पूर्ण वाक्य एका विशेषणाच्या जागेवर येऊन बसलं आहे. एक वाक्य दुसऱ्याचा घटक होतं, याला अंतर्भाव म्हणतात.

हा अंतर्भाव केवळ आपल्या मनाचा खेळ नाही, हे एका सोप्या चाचणीने कळतं. पहिल्या वाक्यात ‘आजोबांनी’पासून ‘आंबे’पर्यंतचा सगळा भाग काढून तिथे ‘ते’ हा एकच शब्द ठेवला, तर ‘ते मुलाने खाल्ले’ असं धडधाकट वाक्य उरतं. सहा शब्दांचा तो तुकडा एका सर्वनामाने बदलता येतो, कारण व्याकरणाच्या दृष्टीने तो एकच वस्तू आहे. ‘काकांनी उतरवलेले आंबे मुलाने’ एवढेच शब्द घेऊन त्यांच्या जागी एक सर्वनाम ठेवायला गेलो तर ते जमत नाही. शेजारी उभे असलेले शब्द एका गटातले असतीलच असं नाही. वाक्य कानावर एका ओळीत येतं, पण त्याची बांधणी ओळीसारखी नसते.

आता पुनरावर्तनाकडे येऊ. नामाआधी विशेषण येऊ शकतं. विशेषणाच्या जागी वाक्य येऊ शकतं. त्या वाक्यात पुन्हा नाम असतं आणि त्या नामाआधी पुन्हा विशेषण येऊ शकतं. नियम एवढेच, पण ते फिरून आपल्याच दारी येतात. म्हणून आजोबांच्या मागे पणजोबा उभे करता येतात : ‘पणजोबांनी घेतलेल्या जमिनीत आजोबांनी लावलेल्या झाडावरून काकांनी उतरवलेले आंबे मुलाने खाल्ले.’ चार पिढ्यांची चार वाक्यं एकात एक बसली, तरी ऐकणाऱ्याची तक्रार नाही. कुठे थांबायचं याचा आकडा व्याकरण देत नाही. ‘तीन थरांपर्यंत चालेल, चौथा चुकीचा’ असा नियम कोणत्याही मराठी व्याकरणात सापडणार नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न सोडवता येतो. सोप्या वाक्यात प्रत्येक कर्त्याला त्याचं क्रियापद लगेच भेटतं : आजोबांनी लावलेल्या, काकांनी उतरवलेले, मुलाने खाल्ले. एकाचा हिशेब मिटल्यावर दुसरा सुरू होतो. अवघड वाक्यात ‘मुलाने’ येतो, पण त्याचं क्रियापद येत नाही. मग ‘काकांनी’ येतात, त्यांचंही क्रियापद बाकी राहतं. तेवढ्यात ‘आजोबांनी’ हजर. तीन कर्ते ताटकळत असताना ‘लावलेल्या’ येतं आणि ते तिघांपैकी कोणाचं हे ठरवावं लागतं. उत्तर असतं, शेवटी आलेल्याचं. नंतरचं क्रियापद त्याच्या आधीच्याचं आणि सर्वांत शेवटचं सर्वांत पहिल्याचं. एका वाक्याच्या मध्यभागी दुसरं आणि त्याच्या मध्यभागी तिसरं बसलं की अशी उलटी गिनती करावी लागते. त्यात ‘मुलाने काकांनी आजोबांनी’ हे एकाच विभक्तीतले शब्द सलग ऐकू आल्यामुळे ती कर्त्यांची यादी आहे की काय, असंही कानाला वाटून जातं. अडथळा थरांच्या संख्येचा नाही, थर मध्यभागी येण्याचा आहे. पणजोबांचं वाक्य याच पद्धतीने लिहून पाहा : ‘मुलाने काकांनी आजोबांनी पणजोबांनी घेतलेल्या जमिनीत लावलेल्या झाडावरून उतरवलेले आंबे खाल्ले.’ व्याकरणाची यात एकही चूक नाही, पण हे वाक्य कोणी बोलणार नाही.

नोम चॉम्स्की आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1963 मध्ये नेमका हाच भेद मांडला. त्यांचं इंग्रजी उदाहरण उंदीर, मांजर आणि कुत्रा यांचं होतं. त्यात तिन्ही प्राणी आधी ओळीने येतात आणि तिन्ही क्रियापदं त्यांच्या मागून. त्यांचं म्हणणं असं, की भाषेचं ज्ञान एक आणि त्या ज्ञानाचा प्रत्यक्ष वापर दुसरा. ज्ञानाला मर्यादा नाही. वापराला आहे, कारण तो स्मरणशक्तीच्या हातात आहे. ही मर्यादा किती कडक आहे हे फिनलंडच्या फ्रेड कार्लसन यांनी 2007 मध्ये दाखवलं. युरोपीय भाषांमधलं प्रत्यक्ष साहित्य तपासल्यावर त्यांना मध्यभागी बसवलेल्या वाक्यांचे लिखाणात फार तर तीन थर आढळले आणि बोलण्यात एकाहून जास्त थर जवळजवळ आढळलेच नाहीत.

स्मरणशक्ती थकते तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट होते. एडवर्ड गिब्सन आणि जेम्स थॉमस यांनी 1999 मध्ये इंग्रजी वाचकांपुढे तीन थरांची वाक्यं ठेवली. काही वाक्यांतलं मधलं क्रियापद मुद्दाम गाळलं होतं, म्हणजे ती वाक्यं चुकीची होती. वाचकांना ती पूर्ण वाक्यांपेक्षा वाईट वाटली नाहीत. एक कर्ता क्रियापदावाचून राहिला, हे लक्षातच येत नव्हतं. पुढे 2010 मध्ये पॉट्सडॅमचे श्रवण वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मन वाचकांवर असाच प्रयोग केला, तेव्हा जर्मन वाचकांना गाळलेलं क्रियापद खटकलं. संशोधकांनी सुचवलेलं कारण असं, की जर्मनमध्ये गौण वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे क्रियापदाची वाट पाहत राहण्याची तिथल्या वाचकांना सवय असते. मराठीत तर क्रियापद एरवीही शेवटीच येतं. म्हणून वाचकांनी स्वतःवरच प्रयोग करून पाहावा : ‘मुलाने काकांनी आजोबांनी पणजोबांनी घेतलेल्या जमिनीत लावलेल्या झाडावरून आंबे खाल्ले.’ इथे कोणाचं क्रियापद गाळलं आहे, ते मागे न पाहता सांगता येतं का?

‘-लेला’च्या रचनेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ‘मांजराने मारलेला उंदीर’ आणि ‘उंदीर मारलेलं मांजर’ या दोन्ही ठिकाणी क्रियापद तेच आणि प्रत्ययही तोच. तरी पहिल्यात उंदीर मेला आणि दुसऱ्यात मांजराने मारलं, हे आपल्याला कसं कळतं? आतल्या वाक्यात एक जागा रिकामी असते, त्यावरून. ‘मांजराने मारलेला’ यात मारणारा आहे, मेलेला नाही. म्हणून बाहेरचं नाम त्या रिकाम्या जागी बसवलं जातं. ‘उंदीर मारलेलं’ यात उलट. त्या नामाला दोन नोकऱ्या असतात, एक आतल्या वाक्यातली आणि एक बाहेरच्या. आतली नोकरी उच्चारली जात नाही, तरी ऐकणारा तिची नोंद घेतो.

‘-णारा’ हा प्रत्यय याबाबतीत हट्टी आहे. ‘उंदीर मारणारं मांजर’ ठीक. पण ‘मांजर मारणारा उंदीर’ म्हटलं की मांजराचा जीव घेणारा शूर उंदीरच डोळ्यांपुढे येतो. मांजराच्या तावडीतला उंदीर, असा अर्थ त्यातून काही केल्या निघत नाही. ‘-णारा’ फक्त कर्त्याची जागा रिकामी ठेवतो. कर्माची ठेवायची असेल तर ‘मांजर मारत असलेला उंदीर’ असं वळण घ्यावं लागतं. लहान मुलांना हा नियम कोणी शिकवत नाही आणि मोठ्यांपैकीही फार थोड्यांना तो सांगता येईल. तरी पाळतात सगळे.

मग ‘-लेला’ कोणतीही जागा रिकामी ठेवू शकतो का? करून पाहू. ‘मी मुलाला पुस्तक दिलं’ यावरून ‘मी पुस्तक दिलेला मुलगा’ जमतं. ‘मी चाकूने आंबा कापला’ यावरून ‘मी आंबा कापलेला चाकू’ हेही जमतं. ‘मुलाची सायकल चोरीला गेली’ यावरून ‘सायकल चोरीला गेलेला मुलगा’ तर रोजच्या बोलण्यातलं. पण ‘मी मित्राबरोबर सिनेमा पाहिला’ यावरून ‘मी सिनेमा पाहिलेला मित्र’ म्हटलं तर अर्थ हातातून सुटतो. ‘सीमा मुलापेक्षा उंच आहे’ यावरून ‘सीमा उंच असलेला मुलगा’ हे तर वाक्यच राहत नाही. नाम बाहेर काढताना त्याचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय आत शिल्लक राहत नाही. कापण्याला हत्यार लागतं, हे ऐकणाऱ्याला माहीत असल्यामुळे चाकूचा ‘-ने’ त्याला अंदाजाने भरता येतो. सिनेमा पाहायला सोबती लागतोच असं नाही, म्हणून ‘-बरोबर’ भरता येत नाही. ‘-पेक्षा’ भरण्याचा तर प्रश्नच नाही.

एडवर्ड कीनन आणि बर्नार्ड कॉम्री यांनी 1977 मध्ये सुमारे पन्नास भाषांची तुलना करून अशा जागांची एक उतरंड मांडली. तिच्यात सर्वांत वर कर्ता, मग कर्म, मग ज्याला द्यायचं तो, मग साधन-स्थान वगैरे, मग मालक आणि तळाशी तुलना. एखाद्या भाषेतली एखादी रचना जितकी खाली उतरते, तिथपर्यंतच्या वरच्या सगळ्या पायऱ्या तिला चालतात, असं त्यांचं निरीक्षण. मराठीतला ‘-णारा’ वरच्या पायरीवरच अडून बसतो आणि ‘-लेला’ बराच खाली उतरून तुलनेपाशी थांबतो. मात्र तो मालकाच्या पायरीवर चालतो आणि तिच्या वरच्या ‘-बरोबर’ला अडखळतो, हे उतरंडीत नीट बसत नाही. तिथे व्याकरणाइतकाच ऐकणाऱ्याचा अंदाजही काम करतो.

जिथे ‘-लेला’ थांबतो तिथे मराठीकडे दुसरी वाट आहे, जो-तो. ‘ज्याच्याबरोबर मी सिनेमा पाहिला तो मित्र’, ‘ज्याच्यापेक्षा सीमा उंच आहे तो मुलगा’ ही वाक्यं बिनबोभाट चालतात. ‘-लेला’च्या रचनेत न उच्चारलेली आतली नोकरी इथे उघड होते. ‘ज्या मुलीला मी हाक मारली ती थांबली’ यात ‘ज्या’ मुलीकडे बोट दाखवतो, पण ‘-ला’ आला हाक मारण्याकडून. ‘ती’ मात्र प्रथमेत आहे, कारण ती थांबण्याची कर्ती आहे. त्याच मुलीच्या दोन नोकऱ्या दोन वेगवेगळ्या शब्दांवर लिहिलेल्या दिसतात. ही वाट संस्कृतातल्या यत्-तत् या जोडीपासून चालत आली आहे. शेजारच्या कन्नड-तेलुगूत ‘-लेला’सारख्या रचनेवरच मुख्य भिस्त असते. मराठीत दोन्ही रचना सारख्याच अंगवळणी पडलेल्या आहेत.

या दोन रचनांमधला खरा फरक वेगळाच आहे. ‘-लेला’चं वाक्य नामाला चिकटून, त्याच्या गटाच्या आत असतं. ‘जो’चं वाक्य मात्र आत नसतंच. पुरावा हा : ‘ज्या विद्यार्थ्याला जो विषय आवडतो, त्याने तो निवडावा.’ इथे ज-शब्द दोन आणि त्यांना उत्तर देणारे त-शब्दही दोन. मग पुढचं वाक्य कोणाच्या पोटात आहे, ‘त्याने’च्या की ‘तो’च्या? एकच वस्तू दोन पोटांत असू शकत नाही. म्हणून ते दोघांच्याही बाहेर, मुख्य वाक्याच्या दारात उभं आहे आणि तिथून दोघांकडे बोट दाखवतं, असं मानावं लागतं. हिंदीतल्या अशाच वाक्यांवरून वेनीता श्रीवास्तव (आताच्या वेनीता दयाल) यांनी 1991 मध्ये हा युक्तिवाद मांडला आणि तो मराठीलाही लागू पडतो. दोन जोड्यांची ही रचना मराठीत जुनी आहे. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीतल्या पसायदानात, ज्याला जे हवं ते त्याला मिळो अशा अर्थाच्या ओळीत, हीच घडण आहे.

हा अर्थ ‘-लेला’ किंवा ‘-णारा’ वापरून सांगायला गेलं तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. विद्यार्थ्याने विषय निवडावा. कोणत्या विद्यार्थ्याने? विषय आवडणाऱ्या. कोणता विषय? त्याला आवडणारा. ‘त्याला’ म्हणजे कोणाला? तो विषय आवडणाऱ्या विद्यार्थ्याला. विद्यार्थ्याच्या वर्णनात विषय शिरतो, विषयाच्या वर्णनात विद्यार्थी, आणि वर्णन कधीच पुरं होत नाही. पुनरावर्तन इथे फुकट फिरत राहतं. जो-तो ते चाक थांबवतो, कारण त्यात एकाला दुसऱ्याच्या पोटात घालावंच लागत नाही.

इथून भाषाविज्ञानातल्या एका गाजलेल्या वादाकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. मार्क हाउझर, चॉम्स्की आणि टेकमसे फिच यांनी 2002 मध्ये अशी कल्पना मांडली की माणसाच्या भाषेचं खास वैशिष्ट्य कदाचित पुनरावर्तन एवढंच असावं. त्यानंतर 2005 मध्ये डॅनियल एव्हरेट यांनी ब्राझीलमध्ये मायसी नदीकाठी राहणाऱ्या पिराहा लोकांच्या भाषेत वाक्याच्या आत वाक्य बसतच नाही, लहान वाक्यं शेजारी शेजारी ठेवली जातात, असा दावा केला. अँड्र्यू नेव्हिन्स, डेव्हिड पेसेट्स्की आणि सिलीन रॉड्रिग्स यांनी 2009 मध्ये त्याच सामग्रीचा वेगळा अर्थ लावून तो खोडून काढायचा प्रयत्न केला. हा वाद मिटलेला नाही. पण मराठीवरून एक सावधगिरी शिकता येते. वाक्यं शेजारी ठेवलेली दिसतात म्हणजे ती सुटी आहेत असं नव्हे. ‘ज्या मुलीला मी हाक मारली’ एवढंच बोलून कोणी थांबलं तर ऐकणारा पुढच्याची वाट पाहत राहतो. ते नामाच्या आत नाही, तरी स्वतंत्रही नाही. आत बसणं आणि अवलंबून असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या भाषेत पहिली दिसली नाही, म्हणून दुसरीही नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

हा सगळा हिशेब लिहिणाऱ्याच्याही उपयोगाचा आहे, आणि तो केवळ ‘-लेला’पुरता नाही. ‘आईने बाबांना आजी उद्या येईल असं वाटतं असं सांगितलं’ हे वाक्य घ्या. ‘आईने बाबांना’ एवढं वाचताच आईने बाबांना काहीतरी सांगितलं अशी समजूत होते आणि पुढे ‘वाटतं’पाशी ती मोडते. मराठीत याच्या दोन सुटका आहेत. ‘असं’ ठेवायचं तर आतलं वाक्य आधी आणावं : ‘आजी उद्या येईल असं बाबांना वाटतं, असं आईने सांगितलं.’ किंवा ‘की’ घालून ते मागे न्यावं : ‘आईने सांगितलं, की बाबांना वाटतं, की आजी उद्या येईल.’ एकात वाक्यं डावीकडे वाढतात, दुसऱ्यात उजवीकडे. मध्यभाग दोन्हींत मोकळा राहतो.

तेव्हा लांब वाक्य जड वाटलं तर शब्द मोजण्यापेक्षा ताटकळणारे कर्ते मोजावेत. कोणत्याही शब्दापाशी थांबून विचारावं, की क्रियापदाची वाट पाहत इथे किती जण उभे आहेत? एक असेल तर चिंता नाही. दोन असतील तर वाचक चालीने पुढे जाईल. तीन झाले, तर सर्वांत आतलं वाक्य उचलून अगदी सुरुवातीला ठेवावं, आणि तिथेही जड झालं तर ‘जो’ लावून बाहेर काढावं. वाक्य तोडण्याची गरज फार क्वचित पडते. व्याकरण हवे तेवढे थर देतं आणि ते मध्यभागी न ठेवण्याच्या वाटाही तेच देतं.